गाळप हंगाम आला की हेडलाइनचा सेंटिमेंट स्कोअर उगाच लाल होतो: कारण कुठं शोधायचं आणि काय बदलायचं

ऑक्टोबर संपत आला, कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ झाली, की बातम्यांवर लक्ष ठेवणारं रूटीन दिवसाआड लाल मेसेज टाकायला लागतं, आणि ज्या दिवशी खरंच बाजार हलवणारी बातमी येते त्या दिवशी मात्र हिरवं दाखवून गप्प बसतं. सांगली मार्केट यार्डातल्या एका साखर पेढीवर मी हे बघतोय, आणि दरवर्षी ही अडचण त्याच टायमाला परत येते म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडं साखर नाही, हळद किंवा बेदाणा आहे, त्यांनाही बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल, फक्त शब्द बदलतील.

आधी मांडणी कशी आहे ते सांगतो. रोज सकाळी साडेसातला एक स्क्रिप्ट चालतं, ते इंग्रजी आणि मराठी फीडमधून गेल्या २४ तासांतल्या साखरेशी संबंधित हेडलाइन उचलतं, प्रत्येक हेडलाइनला शब्दांवरून ती बरी का वाईट ते ठरवून उणे १ ते अधिक १ असा एक स्कोअर देतं, सगळ्यांची सरासरी काढतं आणि ती उणे ०.१० च्या खाली गेली की पेढीच्या मालकांना म्हणजे अण्णांना लाल मेसेज जातो. त्याच मेसेजमध्ये कारखान्यांचे टेंडरचे भाव आणि एस-३०, एम-३० चे बाजारभावही असतात, म्हणजे बातमीचा स्कोअर हा चार-पाच आकड्यांतला एक आकडा आहे. स्कोअर देणारं साधन म्हणजे व्हेडर, बहुतेक लोक सुरुवात त्यानंच करतात कारण ते फुकट आहे, हलकं आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

अण्णांची तक्रार अशी होती, "रोज सकाळी लाल येतंय, आन् भाव तर जागचा हललेला नाही. मग मी ह्यात बघायचं काय?" आणि ही तक्रार शंभर टक्के बरोबर आहे, कारण असं आठवडाभर झालं की माणूस मेसेज उघडायचंच सोडतो, आणि मग खरा मेसेज आला तरी तो न वाचताच जातो.

अशा वेळी सगळ्यात आधी हात जातो तो मर्यादेवर, उणे ०.१० ची उणे ०.२० करून टाकायची. ते करू नका. त्यानं लाल मेसेज कमी होतील हे खरं, पण कुठले कमी झाले हे कळणार नाही, आणि खरे मेसेजही त्याच चाळणीत अडकतील. मर्यादेला हात लावायच्या आधी ज्या दिवशी खोटा अलार्म आला त्या दिवसाच्या सगळ्या हेडलाइन स्कोअरसकट एका शीटमध्ये काढा, स्कोअरप्रमाणं लावा आणि वरून खाली वाचा, पंधरा मिनिटांचं काम आहे. सरासरी बघून काहीच कळत नाही, ओळी वाचल्या की लगेच कळतं.

आमच्या एका सकाळच्या ओळी अशा होत्या. एकूण २० हेडलाइन. त्यातल्या ८ मराठी, सगळ्यांचा स्कोअर नेमका शून्य. १२ इंग्रजी, त्यातल्या ९ मध्ये गाळप सुरू होण्याची बातमी, म्हणजे "क्रशिंग" हा शब्द, आणि प्रत्येकीला साधारण उणे ०.३६. एका हेडलाइनमध्ये कुठल्या तरी कारखान्याच्या नफ्याची बातमी, तिला अधिक ०.४४. उरलेल्या दोन शून्य. बेरीज करा, नऊ वेळा उणे ०.३६ म्हणजे उणे ३.२४, त्यात ०.४४ मिळवले की उणे २.८०, भागिले २०, आलं उणे ०.१४. झाला लाल मेसेज. आणि बातमी काय होती, तर हंगाम सुरू होतोय. साखरेच्या धंद्यात याच्याइतकी नेहमीची बातमी दुसरी नाही.

या एका सकाळीत तीन वेगवेगळे दोष आहेत, आणि ते एकमेकांत मिसळलेत म्हणून सरासरी बघून सापडत नाहीत.

पहिला दोष धंद्याच्या शब्दांचा. व्हेडर हे २०१४ साली हटो आणि गिल्बर्ट यांनी मांडलेलं साधन आहे, सोशल मीडियावरच्या छोट्या मजकुरासाठी. त्याच्याकडं साडेसात हजारांच्या आसपास शब्दांची आणि चिन्हांची यादी आहे, प्रत्येक शब्दाला माणसांकडून उणे ४ ते अधिक ४ असे गुण घेऊन सरासरी लावलेली आहे. हेडलाइनमधल्या शब्दांचे गुण तो गोळा करतो आणि मग ती बेरीज एका सूत्रात टाकून उणे १ ते अधिक १ मध्ये बसवतो:

```
compound = x / sqrt(x*x + 15)
```

यादीत "क्रशिंग" म्हणजे कुणाला तरी चिरडणं, त्यामुळं त्याला उणे दीडच्या आसपास गुण आहेत, आणि सूत्रात टाकलं की उणे ०.३६ येतात. ऊस चिरडतोय का माणूस, हे त्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची सोयही नाही. कच्च्या तेलाच्या बातम्या बघणाऱ्यांना हाच त्रास "क्रूड" शब्दानं होतो. ही गोष्ट काही नवीन नाही, नोत्र दाम विद्यापीठातल्या लॉफ्रन आणि मॅकडॉनल्ड यांनी २०११ सालीच दाखवलं होतं की हार्वर्डच्या सर्वसाधारण यादीत जे शब्द वाईट म्हणून आहेत त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश शब्द कंपन्यांच्या आर्थिक अहवालात वाईट अर्थानं येतच नाहीत, कर, खर्च, देणं असे रोजचे शब्द आहेत ते.

हा दोष काढायला सोपा आहे. आधी तुमच्या धंद्यातले नेहमीचे शब्द यादीत कुठल्या गुणांनी बसलेत ते छापून बघा, मग जे नको ते काढून टाका:

```python
from vaderSentiment.vaderSentiment import SentimentIntensityAnalyzer
a = SentimentIntensityAnalyzer()
for w in ["crushing", "crush", "crushed", "crude"]:
    print(w, a.lexicon.get(w))
    a.lexicon.pop(w, None)
```

कुठले शब्द काढायचे हे डोक्यातून ठरवू नका, गेल्या हंगामातल्या हेडलाइन घ्या, कुठल्या शब्दामुळं स्कोअर हलला ते मोजा आणि जास्तीत जास्त वेळा आलेले पहिले तीस-चाळीस शब्द धंद्यातल्या माणसाला दाखवा. अण्णा असे शब्द मिनिटाला दोन-तीन निकालात काढतात.

आता त्या सकाळी न दिसलेला, पण खरा अवघड दोष. शब्द बरोबर ओळखला, तो वाईटही आहे, तरी बातमीचा अर्थ उलटा. हे स्वतः चालवून बघा:

```python
for h in ["Ban on cane juice for ethanol announced",
          "Ban on cane juice for ethanol lifted"]:
    print(a.polarity_scores(h)["compound"], h)
```

दोन्हीला `-0.5574`. चौथ्या दशांशापर्यंत तोच आकडा, कारण दोन्हीत गुण असलेला शब्द एकच, "बॅन", त्याला उणे २.६. एकीत बंदी आली आणि दुसरीत बंदी उठली. व्हेडर नकार ओळखतो, पण "नाही" जातीचे ठराविक शब्द आधीच्या तीन शब्दांत असले तरच, आणि "उठवली" हे क्रियापद त्याच्या लेखी नकार नाही. आणि बाजाराच्या बातम्यांत असलीच क्रियापदं सगळीकडं असतात, मागे घेतली, शिथिल केली, स्थगिती दिली, मुदत वाढवली.

हे काल्पनिक उदाहरण नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाचा रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरण्यावर निर्बंध घातले आणि साखर कंपन्यांचे शेअर घसरले, आठवड्याभरात १५ डिसेंबरला ते थोडे सैल करून १७ लाख टन साखर इथेनॉलकडं वळवायची मर्यादा ठरवली, आणि पुढं २९ ऑगस्ट २०२४ ला नोव्हेंबरपासूनच्या वर्षासाठी निर्बंध काढले. साखरेचा साठा हातात असणाऱ्याच्या नजरेनं बघा, पहिल्या बातमीचा अर्थ बाजारात जास्त साखर येणार, म्हणजे भावावर दाब. शेवटच्या बातमीचा अर्थ साखर इथेनॉलकडं जाणार, म्हणजे भावाला आधार. स्क्रिप्टला दोन्ही दिवस सारखेच वाईट. आणि मधल्या १५ डिसेंबरच्या बातमीत नुसती परवानगी आणि आकडा, तिथं स्कोअर शून्याजवळच राहणार.

इथं अजून एक गोष्ट आपोआप पुढं येते, वाईट म्हणजे नक्की कुणासाठी? निर्बंधांची तीच बातमी कारखान्याला वाईट, किराणा भरणाऱ्या घराला बरी, आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला बिल लांबणार म्हणून वाईट. उसाला द्यायचा किमान भाव म्हणजे एफआरपी २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये होती, २०२५-२६ ला ती ३५५ झाली, आता ही वाढ गावाकडच्या पेपरात आनंदाची बातमी आणि कारखान्याच्या हिशोबात खर्चाची. स्कोअर देणाऱ्या साधनाची स्वतःची एक बाजू असतेच, फक्त ती लिहिलेली नसते. आर्थिक मजकुरासाठी शिकवलेलं फिनबर्ट मॉडेल वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, ते ज्या वाक्यांवर शिकवलंय त्यांना खुणा करणाऱ्यांना गुंतवणूकदाराच्या नजरेनं बघायला सांगितलं होतं, म्हणजे शेअर घेणाऱ्याची बाजू त्यात मुरलेली आहे. तुम्ही पोत्यानं साखर विकणारे असाल तर ती तुमची बाजू नाही. व्हेडरला सोडून फिनबर्ट लावलं की बंदी उठवण्यासारख्या वाक्यांचं वाचन बरंच सुधारतं, ते मी मान्य करतो, पण बाजूचा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून माझं मत असं, की धंद्याला हलवणाऱ्या बातम्या सेंटिमेंटवर सोडूच नयेत. त्या मोजक्या जातीच्या असतात: महिन्याचा विक्री कोटा, निर्यात, इथेनॉल, साखरेची किमान विक्री किंमत, एफआरपी, आणि ऊसदरासाठी तोड किंवा वाहतूक बंद होणं. ही यादी घेऊन हेडलाइन आधी जातीत टाका, आणि जात सापडली की स्कोअर न बघता ती बातमी तशीच्या तशी मेसेजमध्ये वर घ्या, बरी का वाईट ते माणूस वाचून ठरवेल. दिवसाला अशा दोन-चार बातम्या असतात, तेवढ्या वाचायला वेळ लागत नाही.

यात सगळ्यात शिकवणारी जात म्हणजे कोटा. जून २०१८ पासून कुठल्या कारखान्यानं महिन्याला देशात किती साखर विकायची हे केंद्र ठरवतं, आणि पुढच्या महिन्याचा एकूण आकडा साधारण महिनाअखेरीला येतो. बातमीची भाषा बघा, अमुक महिन्यासाठी इतके लाख टन कोटा जाहीर. यात ना आनंद, ना दुःख, ना बंदी, ना घसरण. स्कोअर नेमका शून्य. आणि पेढीवर त्या संध्याकाळी फोन थांबत नाहीत, कारण कोटा अपेक्षेपेक्षा जास्त आला की टेंडरचे भाव उतरायला दुसरा दिवस लागत नाही. ज्या दिवशी आमचं रूटीन हिरवं दाखवत होतं आणि बाजार हललेला होता, त्या दिवशी हीच बातमी यादीत होती, शून्य गुण घेऊन खाली पडलेली.

इथं भावना नाही, आकडा वाचायचाय. हेडलाइनमधून "लाख टन" च्या आधीचा आकडा काढा आणि मागच्या महिन्याशी आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून बघा. पायथॉनचं `\d` मराठी अंकही पकडतं आणि `float("२३.५")` बरोबर 23.5 देतं, त्यामुळं मराठी हेडलाइनसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही, फक्त "लाख टन", "लाख मेट्रिक टन" आणि इंग्रजीतलं `LMT` हे तिन्ही धरा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करताना सण बघा, २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला, त्यामुळं नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी लावला तर मागणीचा हिशोब चुकतो. आम्ही गणपती आणि दिवाळीच्या आसपास दोन महिन्यांची बेरीज लावतो.

आता त्या सकाळचा दुसरा दोष, त्या ८ मराठी हेडलाइन, ज्यांना नेमका शून्य आला. हा दोष गप्प असतो म्हणून जास्त वाईट. व्हेडरच्या यादीत मराठी शब्द नाहीत, तो एरर देत नाही, इशारा देत नाही, सरळ शून्य देतो. तो शून्य "बातमी तटस्थ आहे" असं सांगत नाही, "मला वाचता आली नाही" असं सांगतो, पण सरासरीत दोन्ही सारखेच मिसळतात. त्याचा परिणाम असा की ज्या दिवशी मराठी बातम्या जास्त त्या दिवशी सरासरी शून्याकडं ओढली जाते आणि खरा वाईट दिवसही सौम्य दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे, `compound` नेमका 0.0 आणि `neu` नेमका 1.0 असलेल्या ओळींचं प्रमाण रोज मोजा. ते एकदम वाढलं तर बाजार शांत झालेला नसतो, कुठलं तरी फीड बदललेलं असतं. आणि न वाचता आलेल्या हेडलाइनला शून्य देऊ नका, रिकामी ठेवा आणि सरासरीतून बाहेर काढा. कोट्याची इंग्रजी बातमीही अशीच 0.0 आणि 1.0 दाखवेल, म्हणून जात लावायचं काम याच्या आधी करायचं.

मग मराठीचं काय करायचं? इंग्रजीत भाषांतर करून स्कोअर काढायचा मोह होतो, आमच्या बातम्यांवर ते टिकलं नाही, कारण मराठी मथळे अलंकारावर चालतात. "शेतकऱ्यांची दिवाळी गोड", "साखर कडू होणार", "बॉयलर पेटला", "ऊसदराचं आंदोलन पेटलं". बॉयलर पेटणं म्हणजे अग्निप्रदीपन, पूजा, नारळ, हंगामाची सुरुवात. आंदोलन पेटणं म्हणजे तोड बंद, ट्रॅक्टर अडवले, साखरेची उचल थांबली. एकटा "पेटला" शब्द घेऊन काही ठरत नाही, शेजारचा शब्द लागतोच. दुसरं म्हणजे मराठीत निकाल शेवटी येतो. "निर्यातबंदीचा निर्णय मागे", "एफआरपीत वाढ नाही", "आंदोलनावर तोडगा". व्हेडरसारखा नियम नकार शब्दाच्या आधी शोधतो, आपल्याकडं तो नंतर येतो, त्यामुळं तोच नियम मराठी यादीवर बसवला तर बरोबर उलटी उत्तरं मिळतात.

पुण्याच्या एल३क्यूब गटानं मराठी सेंटिमेंटसाठी महासेंट नावाचा डेटा २०२१ साली खुला केलाय आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं मिळतात, चांगलं काम आहे, पण तो डेटा ट्विटचा आहे. ट्विटमध्ये बोलणाऱ्याचा सूर असतो, अभिनंदन, टीका, संताप. पेपरातल्या मथळ्याला तसा सूर नसतो, आणि साखरेच्या बाजाराची बाजू तर त्यात नसतेच. म्हणून आम्ही मराठीसाठी अण्णांबरोबर बसून शब्दांची नाही तर जोड्यांची छोटी यादी केली, शंभरेक ओळींची: "बॉयलर" आणि "पेट" एकत्र आले तर काही नाही, "आंदोलन" आणि "पेट" एकत्र आले तर वाहतूक बंदची जात, आणि मथळ्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत "मागे", "रद्द", "तोडगा", "नाही" यातलं काही असेल तर बातमीवर "उलट असू शकेल" अशी खूण. गुण द्यायचेच नाहीत, खूण करायची. प्रश्नचिन्ह असलेला मथळा, "साखर महागणार?", तो अंदाज म्हणून वेगळा ठेवायचा.

राहिला तिसरा दोष, नऊ वेळा मोजलेली एकच बातमी. त्या सकाळच्या नऊ इंग्रजी हेडलाइन प्रत्यक्षात एकाच वृत्तसंस्थेच्या एका बातमीच्या नऊ प्रती होत्या, प्रत्येक साइटनं एक-दोन शब्द बदलून लावलेल्या. दूध डेअरीत एकाच म्हशीचं दूध नऊ किटल्यांतून आलं म्हणून नऊ म्हशी धरत नाहीत, तसं इथंही बातमी एक आणि किटल्या नऊ. त्यांची एक करून, मराठी बाजूला ठेवून हिशोब परत मांडा: गाळपाची एक उणे ०.३६, नफ्याची अधिक ०.४४, दोन शून्य, बेरीज ०.०८, भागिले ४, म्हणजे अधिक ०.०२. "क्रशिंग" यादीतून न काढताही खोटा अलार्म टळला. त्यामुळं वेळ कमी असेल तर आधी हेच करा.

पण करताना जपून. बहुतेक लोक दोन हेडलाइनचं साम्य मोजून अमुक टक्क्यांच्या वर असेल तर एक धरतात:

```python
from rapidfuzz import fuzz
fuzz.token_set_ratio("Ban on cane juice for ethanol announced",
                     "Ban on cane juice for ethanol lifted")
```

याचं उत्तर ८९ च्या आसपास येतं. ८५ ची मर्यादा लावली असेल तर बंदी आली आणि बंदी उठली या एकच बातमी ठरल्या, आणि नंतरची गायब. म्हणून साम्य फक्त २४ तासांच्या आत प्रकाशित झालेल्या हेडलाइनमध्येच बघा, आणि उरलेल्या वेगळ्या शब्दांत क्रियापद वेगळं असेल तर जोडू नका. थोड्या प्रती जास्त राहिल्या तरी चालतील, उलटी बातमी गिळली जाता कामा नये. प्रतींची संख्या मात्र फेकू नका, बातमी किती ठिकाणी लागली हा वेगळा आणि कामाचा आकडा आहे, तो स्कोअरमध्ये न घालता शेजारी दाखवा.

प्रकाशित झाल्याची वेळ काढतानाही एक खड्डा आहे. फीडमधली `pubDate` बऱ्याचदा जीएमटीमध्ये असते, आणि तिच्यातली नुसती तारीख कापून घेतली तर आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या बातम्या आदल्या दिवसात जातात. सकाळच्या मेसेजपुरतं हे दिसत नाही, पण मागचा डेटा घेऊन "स्कोअर आधी पडला का भाव आधी पडला" असं तपासायला गेलं की रात्रीची बातमी भाव पडायच्या आदल्या दिवशी आल्यासारखी दिसते आणि स्कोअरला भविष्य कळतं असा भास होतो. वेळ आपल्या घड्याळात बदला, आणि स्क्रिप्टनं हेडलाइन पहिल्यांदा कधी बघितली ती वेळसुद्धा वेगळी साठवा, कारण साइटवाले मथळा नंतर बदलतात. तपासताना नेहमी तुमची वेळ धरायची.

आणि याच्याच जवळचा मुद्दा, "साखर क्विंटलमागं उतरली", "शेअर घसरले" असल्या हेडलाइन भावाची बातमी देतात. भाव तर रूटीनमध्ये आधीच आहे. तीच घसरण एकदा भावातून आणि एकदा स्कोअरमधून आली की दोन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात एकच आहे. या हेडलाइन सेंटिमेंटमधून पूर्ण वगळा.

एवढं केल्यावर सेंटिमेंटकडं काय उरतं? थोडंच, पण स्वच्छ. जातीत न बसलेल्या, एकदाच मोजलेल्या, भावाची बातमी नसलेल्या, वाचता आलेल्या इंग्रजी हेडलाइन. त्यांची सरासरी नाही, मधला आकडा घेतो, म्हणजे एकाच भडक मथळ्यानं तो हलत नाही. अशा किमान पाच वेगवेगळ्या बातम्या असतील तरच आकडा दाखवतो, नाहीतर "आज पुरेशा बातम्या नाहीत" असं लिहितो. आणि ठोकळ उणे ०.१० ची मर्यादा काढून त्याच फीडच्या गेल्या ३० दिवसांच्या आकड्यांशी तुलना करतो, कारण काही साइटची भाषाच रोज भडक असते. आकडा त्या ३० दिवसांतल्या सगळ्यात खालच्या दोनमध्ये आला तर मेसेज पिवळा होतो, लाल कधीच होत नाही. लाल फक्त जातीच्या बातमीनं होतो, आणि त्यात मथळा, वेळ, किती ठिकाणी लागली ते, कोट्याची असेल तर तुलनेचे दोन आकडे, आणि खाली टेंडरचा भाव एवढंच असतं.

अण्णांनी पिवळ्याबद्दल विचारलं, "मग पिवळं आलं की मी काय करायचं?" त्याचं उत्तर मेसेजमध्येच असायला पाहिजे, म्हणून पिवळ्याच्या खाली सगळ्यात कमी स्कोअरच्या तीन हेडलाइन तशाच्या तशा छापतो. त्या वाचून त्यांना वाटलं तर ते कारखान्यात फोन लावतात, नाहीतर सोडून देतात. ज्या मेसेजमध्ये नुसता आकडा असतो त्याचं पुढं काहीच करता येत नाही, हे इतर कुणाच्या रूटीनमध्येही मला खटकतं.

हे सगळं चाललंय का नाही ते भावाशी जुळवून तपासू नका, भाव शंभर कारणांनी हलतो. दोनशे हेडलाइन काढा, हंगामातल्या शंभर आणि हंगामाबाहेरच्या शंभर, स्कोअर झाकून ठेवा आणि धंद्यातल्या दोन माणसांना वेगवेगळं बसवून प्रत्येकीवर खूण करायला सांगा: साठा धरणाऱ्याला बरी, वाईट, का काहीच नाही. आधी त्या दोघांचं एकमेकांशी किती जुळतं ते बघा. आमच्याकडं अण्णा आणि दिवाणजी यांचं एफआरपीच्या आणि निर्यातीच्या बातम्यांवर जुळलं नाही, निर्यातीला परवानगी म्हणजे भावाला आधार असं एक म्हणाले आणि आपल्या पेढीचा माल तर इथलाच, तिकडं जाणारच नाही असं दुसरे. जिथं दोन जाणती माणसं जुळत नाहीत तिथं कुठल्याही स्कोअरनं बरोबर यावं ही अपेक्षा सोडायची आणि ती बातमी जातीच्या यादीत टाकायची. जिथं दोघं जुळतात त्या हेडलाइनवर स्कोअर किती वेळा उलटा आला ते मोजायचं, आणि उलटे आलेले मथळे एकेक वाचायचे. पुढचा शब्द कुठला काढायचा, पुढची जोडी कुठली लिहायची ते तिथंच सापडतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. उसाच्या आंदोलनाच्या बातम्या आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, फीडमध्ये त्या अर्ध्या दिवसानं येतात, आणि तोवर वाळवा-शिरोळकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उभे राहिलेले असतात. ग्रुपवरचे मेसेज स्क्रिप्टमध्ये घ्यावेत का यावर आमचं एकमत नाही, माझं म्हणणं घेऊ नयेत, कारण तिथं मागच्या वर्षीचा फोटो आजचा म्हणून येतो आणि तारीख तपासायची सोय नसते. तूर्त वाहतूक बंदसाठी कारखान्याच्या गेटवरून सकाळी येणारा गाड्यांचा आकडाच रूटीनमध्ये टाकतोय, बातमीच्या आधी तोच पडलेला दिसतो.